ऐंशीच्या वेगात इंजिनात किती उरते?

हुबळीच्या पश्चिमेला तारिहाळची औद्योगिक वसाहत आणि तिला लागूनच जाणारा बायपास. या भागात रोज कामावर येणाऱ्यांच्या बहुतेक दुचाक्या शंभर किंवा सव्वाशे सीसीच्या असतात, आणि त्या कामाला त्या अगदी योग्यही आहेत. अडचण सुरू होते ती हीच गाडी सुट्टीच्या दिवशी राष्ट्रीय महामार्ग 48 वर निघते तेव्हा. इथल्या मराठी घरांचे नातेसंबंध बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर असे याच रस्त्याने पसरलेले आहेत. बेळगाव शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, कोल्हापूर सुमारे दोनशे दहा. महिन्यातून एकदोनदा एवढे अंतर डबलसीट कापायचे असेल तर घरातली छोटी गाडी पुरते का, की साडेतीनशे-चारशे सीसीची टूरिंगची गाडी घ्यावी, हा प्रश्न शोरूममध्ये रोज विचारला जातो. तिथे त्याचे उत्तर बहुधा दोन आकड्यांत मिळते, अॅव्हरेज किती आणि टॉप स्पीड किती. माझ्या मते या प्रश्नासाठी दोन्ही आकडे चुकीचे आहेत. विचारायचे ते हे: ऐंशीच्या वेगात, दोन माणसे आणि पिशवी घेऊन, समोरून वारा असताना इंजिनात अजून किती ताकद शिल्लक राहते?

ऐंशी हा आकडा मनाने घेतलेला नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. मालवाहू गाड्यांनाही तिथे 80 चीच मुभा आहे, बसला 90 आणि कारला 100. म्हणजे धारवाड सोडून कित्तूरच्या दिशेने लागलात की नियम पाळणारी लॉरीसुद्धा ऐंशीने जाऊ शकते. तुमची गाडी साठ-पासष्टच्या वर टिकत नसेल तर त्या रस्त्यावर सर्वांत हळू चालणारे वाहन तुमचे असते. मग धोका समोरून नसतो, मागून असतो. प्रत्येक लॉरी आणि प्रत्येक बस तुम्हाला ओलांडून जाणार, आणि आरशात न दिसलेली एखादी अगदी कडेने घासून जाणार. महामार्गावर सुरक्षित राहायचे तर वाहतुकीच्या ओघाबरोबर चालता आले पाहिजे, आणि इंजिनाच्या आकाराचा पहिला संबंध येतो तो इथे.

आता हिशेब मांडू. मोटारसायकलला सपाट रस्त्यावर दोन गोष्टींशी झगडावे लागते. एक टायरचे घर्षण, दुसरी हवा. टायरच्या घर्षणासाठी लागणारी ताकद वेगाच्या प्रमाणात वाढते, हवेसाठी लागणारी मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात. साठवरून ऐंशीवर गेल्यावर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ अडीच पट होते. ताठ बसलेला चालक, मागे एक माणूस, दोघांचे मिळून दीडशे किलो आणि दहा किलोची पिशवी असे धरले, चेन-गिअरमध्ये जाणारा दहाएक टक्के भाग मोजला, तर शंभर सीसीच्या हलक्या गाडीला साठच्या वेगासाठी पावणेतीन किलोवॅटपेक्षा थोडी कमी आणि ऐंशीसाठी जवळपास साडेपाच किलोवॅट ताकद लागते. हे आकडे ढोबळ आहेत. बसण्याची पद्धत, कपडे आणि टायरमधली हवा यांनी ते थोडे इकडे-तिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही.

या मापाला हिरोची स्प्लेंडर प्लस लावून पाहा. इंजिन 97.2 सीसीचे, कमाल ताकद 8000 फेऱ्यांवर सुमारे 5.9 किलोवॅट, गाडीचे वजन 112 किलोच्या घरात, गिअर चार. हुबळी-धारवाड समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच आहे. इथली हवा विरळ असल्याने टर्बो नसलेले कोणतेही इंजिन साधारण सहा-सात टक्के ताकद गमावते. स्प्लेंडरकडे मग साडेपाच किलोवॅट उरते, आणि डबलसीट ऐंशीला लागते तेवढीच. म्हणजे सपाट रस्ता, शांत हवा आणि ऍक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळलेला असला तर गाडी कशीबशी ऐंशी गाठेल. त्यानंतर शिल्लक शून्य. पावसाळ्यात या पठारावर पश्चिमेकडून वारा येतो आणि हुबळीहून बेळगावकडे जाणारा रस्ता वायव्येला जातो, त्यामुळे वारा डाव्या अंगाने समोरून लागतो. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा धरला तर ऐंशीच्या वेगासाठी पावणेआठ किलोवॅटच्या आसपास ताकद हवी. ती त्या इंजिनात नाहीच. वेग आपोआप पासष्टवर येतो आणि गाडी ओघाच्या खाली जाते.

घाटात हिशेब उलटा होतो. सपाटीवर शत्रू हवा असते, चढावर वजन. पाच टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर वर चढवणाऱ्या रस्त्यावर, डबलसीट स्प्लेंडरला साठच्या वेगासाठी पाच किलोवॅट लागतात. चौथ्या गिअरमध्ये साठला इंजिन कमाल ताकदीपासून बरेच दूर असते, म्हणून तिसरा टाकावा लागतो आणि इंजिन ओरडत राहते. बेळगाव सोडल्यावर वंटमुरी घाट, निपाणीजवळ तवंदी घाट. दोन्ही चढ फार मोठे नाहीत, पण लॉऱ्या पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळतात आणि मागून बस येतात. तिथे पुढे सरकायला जी ताकद लागते तीच छोट्या गाडीकडे नसते.

दुसऱ्या टोकाला रॉयल एनफिल्डची 350 सीसीची गाडी घेऊ. क्लासिक किंवा मीटिअर, दोन्हींत 349 सीसीचे तेच इंजिन. कमाल ताकद 6100 फेऱ्यांवर 20.2 बीएचपी, म्हणजे सुमारे 15 किलोवॅट, आणि 27 न्यूटन-मीटरचा टॉर्क 4000 फेऱ्यांवरच मिळतो. क्लासिक 195 किलोची आहे. स्प्लेंडरपेक्षा ऐंशीहून अधिक किलो जड असल्याने टायरच्या घर्षणाला जास्त द्यावे लागते, तरी ऐंशीसाठी सहा किलोवॅटच्या आत भागते. पंधरापैकी सहा. समोरून वीसचा वारा आला तर सव्वाआठ. पाच टक्क्यांच्या चढावर साठला सव्वासहा. प्रत्येक वेळी इंजिनात निम्मी किंवा निम्म्याच्या आसपास ताकद मागे उरते. शेवटच्या गिअरमध्ये ऐंशीला फेऱ्या चार हजारांच्या खालीच राहतात, म्हणून दोन तासांनी हातांना झिणझिण्या येत नाहीत. दिवसभर मर्यादेच्या आत चालणारी गाडी आणि दिवसभर मर्यादेवर ओढली जाणारी गाडी यांच्यातला फरक हाच.

पण सीसीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, हे इथे ठळकपणे सांगितले पाहिजे. बजाजची पल्सर 220 एफ जवळपास तेवढीच, 20.4 पीएस ताकद देते, आणि तिचे वजन 160 किलो आहे. बजाजचीच डॉमिनार 250 आपल्या 248.8 सीसीतून 27 पीएस काढते, तर रॉयल एनफिल्डची जुनी 411 सीसीची हिमालयन 24.3 बीएचपीवर थांबते. फरक ताकद कोणत्या फेऱ्यांवर मिळते यात आहे. लहान आणि चपळ इंजिनाला ती मिळवायला सात-आठ हजारांवर जावे लागते, संथ मोठ्या इंजिनाला तिचा मोठा भाग चार हजारांतच मिळतो. महामार्गावर मध्यम फेऱ्यांतली ताकद सोयीची असते, कारण गिअर बदलावा लागत नाही. तरीही ऐंशीला किती उरते याचे उत्तर दोन्ही प्रकारांत समाधानकारकच येते. म्हणून माझा उंबरठा सीसीत नाही, ताकदीत आहे. डबलसीट आणि नियमित महामार्ग असेल तर सुमारे वीस पीएस, मग ते 220 सीसीतून मिळोत की 350 सीसीतून.

मोठे इंजिन ओव्हरटेकसाठी घ्यावे, असा एक समज आहे. तो इथल्या बायपासच्या संदर्भात तपासायला हवा, कारण या रस्त्याचा इतिहास कटू आहे. हुबळीजवळच्या गब्बूरपासून धारवाडजवळच्या नरेंद्रपर्यंतचा हा सुमारे तीस किलोमीटरचा बायपास वर्षानुवर्षे दुपदरी राहिला. दोन्ही बाजूंना रुंद महामार्ग आणि मध्ये हा अरुंद गळा. जानेवारी 2021 मध्ये इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची गाडी टिपरवर आदळली. मे 2022 मध्ये तारिहाळजवळ कोल्हापूरहून बेंगळुरूला जाणारी खासगी बस आणि लॉरी समोरासमोर धडकल्या. दोन्ही वेळा अनेक जीव गेले. नंतर सहापदरीकरण मंजूर होऊन काम हाती घेतले गेले. दुपदरी रस्त्यावर मोटारसायकलची मर्यादा 60 आहे. सौम्य चढावर चाळीसच्या वेगाने जाणारी अठरा मीटर लांब लॉरी धरा. तिच्या मागे आणि पुढे पंधरा-पंधरा मीटर अंतर सोडून, साठच्या आत राहून ओलांडायचे म्हटले, तर स्प्लेंडरला तेरा-चौदा सेकंद लागतात आणि 350 ला अकरा. फरक दोन-तीन सेकंदांचा. अकरा सेकंदांत समोरून साठने येणारे वाहनही एकशे ऐंशी मीटरहून जास्त पुढे आलेले असते. म्हणजे दुपदरी रस्त्यावर मोठे इंजिन तुम्हाला फारसे वाचवत नाही, वाचवते ते लॉरीच्या मागे थांबणे. तिथे ज्याला मोठ्या इंजिनाचा फायदा दिसतो, तो बहुधा मर्यादा मोडून तो मिळवतो. मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग पुढे जाण्यापेक्षा मागे न पडण्यासाठी आहे, आणि तोही चौपदरीवर.

यातूनच सर्वांत गंभीर आक्षेप समोर येतो. ताकदवान गाडी वेगाची चटक लावते, मग तरुण मुलाला ती देऊन धोका कशाला वाढवायचा? हा आक्षेप मी टाळत नाही. चाळीस पीएसच्या गाड्यांना, डॉमिनार 400, हिमालयन 450 किंवा त्यांच्या जोडीच्या इतर गाड्यांना, तो पूर्णपणे लागू होतो. ऐंशीच्या मर्यादेत यांचे इंजिन पाचव्या हिश्श्याएवढेच काम करते. उरलेली ताकद वापरायची तर शंभर-सव्वाशेला जावे लागते, आणि तो वेग या रस्त्यावर मोटारसायकलसाठी ना कायद्यात बसतो ना शहाणपणात. हिमालयन 450 डोंगरात, कच्च्या रस्त्यावर, फूटपेगवर उभे राहून चालवायला उत्तम आहे, पण हुबळी ते कोल्हापूर या वाटेसाठी तिची गरज दाखवता येत नाही. वीस पीएसच्या पायरीवर मात्र हा आक्षेप बराच ढिला पडतो. 350 ची गाडी शंभरच्या पुढे स्वतःहूनच थकायला लागते. शिवाय दोनशे किलोच्या गाडीला बाजूने जाणाऱ्या बसच्या झोताने हलवणे कठीण असते, तर एकशे बारा किलोची गाडी त्या झोतात फूटभर सरकते, हे या रस्त्यावर चालवणाऱ्याला सांगायला नको.

ब्रेकची बाजू तर मला इंजिनाहूनही वजनदार वाटते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, 125 आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरते अशी तजवीज आहे. ड्रम ब्रेकची छोटी गाडी डबलसीट ऐंशीवरून थांबवायची वेळ आली, तर वळणदार उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावल्यावर ड्रम तापतात आणि लिव्हर ओढूनही जोर येत नाही. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तर सीबीएसमुळे दोन्ही चाकांना ब्रेक लागतो खरा, पण चाक घसरू न देण्याचे काम ती करत नाही. म्हणून सीसीचा निर्णय घेताना 125 ची रेघ इंजिनामुळे नव्हे, एबीएसमुळे ओलांडावी. दीडशे सीसीचा वर्ग इथे महत्त्वाचा ठरतो. पल्सर 150 सारख्या गाडीत चौदा पीएस, म्हणजे दहा किलोवॅटहून थोडे अधिक असतात. ऐंशीला डबलसीट त्यातले निम्म्याहून थोडे जास्त खर्च होतात. वारा समोरून आला तर ती दमते, पण हार मानत नाही. एकटा माणूस, पुढच्या चाकाला एबीएस, बेळगावपर्यंतची फेरी, एवढ्यासाठी ती पुरेशी आहे.

लोक स्प्लेंडरवर लडाखला जाऊन आले, मग कोल्हापूरचे काय घेऊन बसलात, हा दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो खराही आहे. पण ती माणसे चाळीस-पन्नासच्या वेगाने, वेळेचे बंधन न ठेवता आणि बहुधा एकटी जातात. उंचावरच्या रिकाम्या रस्त्यावर मागून लॉरी येत नाही. तिथून परत आलेल्या गाडीचे इंजिन उघडून पाहण्याचे काम मात्र त्या कथांत नसते. एका लिटरच्या आसपास ऑइल धरणारे छोटे हवेने थंड होणारे इंजिन तासन्तास शेवटच्या फेऱ्यांवर ओढले तर ऑइल लवकर पातळ होते आणि काही प्रमाणात जळतेही. याची लक्षणे सहज ओळखता येतात. दोनशे किलोमीटरच्या फेरीनंतर गाडी थंड झाल्यावर काडीवरची ऑइलची पातळी उतरलेली दिसते, टॅपेटचा आवाज वाढतो, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. हे दिसायला लागले तर छोट्या गाडीला तिच्या झेपेबाहेर ओढले जात आहे असे समजावे. याच संदर्भात कर्नाटकचा एक प्रसंग आठवतो. 2017 च्या ऑक्टोबरात इथल्या परिवहन खात्याने शंभर सीसीखालच्या नव्या दुचाक्यांवर मागे माणूस बसवू नये असे परिपत्रक काढले होते. ते पुढे टिकले नाही. शहरातल्या रोजच्या वापरासाठी ते अव्यवहार्यच होते. पण दोघांना महामार्गावर न्यायचे तर शंभर सीसी अपुरे पडते, हा मुद्दा मात्र हिशेबाला धरून आहे.

राहिला पैसा. महिन्यातून दोनदा कोल्हापूर असे धरले तर वर्षाला दहा हजार किलोमीटर होतात. स्प्लेंडर शहरात साठच्या पुढे अॅव्हरेज देते, पण महामार्गावर डबलसीट ती पंचावन्नवर येते, 350 तेहतीसच्या आसपास. वर्षाला सुमारे एकशे वीस लिटरचा फरक, म्हणजे शंभरीच्या थोड्या पुढच्या पेट्रोलच्या दराने बारा-साडेबारा हजार रुपये. रोज वीस किलोमीटर तारिहाळला कामावर ये-जा तीच गाडी करणार असेल तर आणखी आठेक हजार. गाडीच्या किमतीतला लाखाच्या वरचा फरक वेगळाच, आणि टायर, चेन, सर्व्हिसिंगही महाग. एवढा खर्च तोच करील ज्याला तो परवडतो आणि ज्याच्या फेऱ्या खरोखर तेवढ्या आहेत. वर्षात दोन-तीनदाच बेळगावला जाणाऱ्याने त्यासाठी 350 घेणे मला पटत नाही, त्यापेक्षा त्या दिवशी बस किंवा रेल्वे बरी. शिवाय सप्टेंबर 2025 पासून जीएसटीची रेघ 350 सीसीवर आखली गेली आहे. तिच्याखालच्या गाड्यांवर 18 टक्के, वरच्यांवर 40 टक्के. म्हणजे वीस पीएसच्या माझ्या उंबरठ्यावरच्या गाड्या कराच्या सवलतीच्या बाजूला राहतात, आणि ज्यांची गरज या रस्त्यावर दिसत नाही त्या नेमक्या महागल्या. सरकारचा हेतू काहीही असो, घेणाऱ्याला ही रेघ सोयीची आहे.

ज्यांच्या घरी आधीच छोटी गाडी आहे त्यांच्यासाठी एक चाचणी सुचवतो. धारवाड ओलांडून चौपदरी लागल्यावर, नेहमीच्या माणसाला आणि नेहमीच्या सामानाला घेऊन, मागे-पुढे वाहतूक कमी असताना ऐंशीचा वेग धरा. आता मनगटाकडे लक्ष द्या. ऍक्सिलरेटर अजून किती फिरू शकतो? एक तृतीयांश शिल्लक असेल तर गाडी त्या वापराला पुरेशी आहे, फक्त ब्रेक आणि टायर तपासा. काहीच शिल्लक नसेल, किंवा ऐंशी गाठलेच जात नसेल, तर ती गाडी रोजच्या कामासाठी ठेवा आणि महामार्गासाठी दुसरा विचार करा. नवी गाडी घेताना हीच चाचणी टेस्ट राइडमध्ये मागे माणूस बसवून करून पाहा. शोरूम नकार देईल तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.

तेव्हा तारिहाळहून निघणाऱ्यांसाठी माझा निवाडा असा. महामार्ग क्वचित आणि एकट्याने असेल तर 125 सीसी, तीही पुढे डिस्क ब्रेकची. एकट्याने नियमित बेळगाव असेल तर एबीएसची 150 ते 160. डबलसीट नियमित कोल्हापूर असेल तर वीस पीएसच्या आसपासची, 200 ते 350 सीसीमधली गाडी. चारशेच्या वरची गाडी या वाटेसाठी घेऊ नये. आणि कोणतीही घ्या, बायपासवर लॉरीच्या मागे थांबा.